एका पानाची किंमत: ‘शेतकर्यांना’पासून बिलापर्यंत

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका प्रकाशनसंस्थेकडून माझ्याकडे एक आत्मकथन आलं. लेखक मराठवाड्यातले निवृत्त कृषी सहायक. नोकरीची तीस वर्षं, दुष्काळ, बियाण्यांची वाटप, गावोगावची माणसं असा ऐवज. संपादकांचा फोन तीन मिनिटांत उरकला. “मॅडम, पानाला पंचवीस रुपये, दोन वाचनं धरून. चालेल ना?” मी म्हटलं, चालेल. ‘पान’ म्हणजे कुठलं, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दहा वर्षं मुद्रितशोधन करणाऱ्या बाईने हे विचारू नये याची लाज वाटते, पण घडलं ते असं.

फाइल वर्डमध्ये होती. ए-फोर आकार, बारा पॉइंट, १३२ पानं, ५७,४०० शब्द. मूळ मजकूर लेखकाने गावातल्या डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतला होता आणि प्रकाशकाकडे तो युनिकोडमध्ये बदलला गेला होता. रूपांतराने जे नुकसान व्हायचं ते झालं होतं. पहिल्याच पानावर ‘शेतकर्यांना’ दिसलं. मग दुसऱ्या पानावर, तिसऱ्या पानावर. ‘दुसर्या’, ‘अधिकार्यांनी’, ‘करणार्या’. जुन्या फॉन्टमधला आडवा अर्धा र नव्या फाइलमध्ये सरळ रफार होऊन बसला होता. शेतीच्या पुस्तकात ‘शेतकऱ्यांना’ किती वेळा येतं याचा अंदाज करा.

हे हाताने दुरुस्त करत बसलं तर एका शब्दापायी दोन दिवस जातात. म्हणून वाचायला बसण्याआधी शोध-बदल चालवायचा. पण ‘र्य’च्या जागी सरसकट ‘ऱ्य’ टाकता येत नाही. ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘पर्याय’, ‘मर्यादा’ यांतला रफार बरोबर आहे. त्यामुळे शब्दाचा पुरेसा मोठा तुकडा घ्यायचा:

```
शेतकर्य  →  शेतकऱ्य
अधिकार्य →  अधिकाऱ्य
करणार्य  →  करणाऱ्य
दुसर्य   →  दुसऱ्य
```

असे एकोणीस तुकडे केले. त्यातल्या एका तुकड्यात मी घाण केली, ती पुढे येईलच.

हे बदल करताना मी ट्रॅक चेंजेस, म्हणजे प्रत्येक बदलावर खूण करणारी वर्डची सोय, बंद ठेवली होती. यावर मतभेद आहेत. एक पक्ष म्हणतो, लेखकाच्या मजकुरातला प्रत्येक बदल दिसलाच पाहिजे. माझा अनुभव असा की लेखकाला हजारभर लाल खुणा एकदम दिसल्या, तर पाचव्या पानानंतर तो वाचणं सोडतो आणि सगळं एकदम मान्य करून मोकळा होतो. मग ज्या दहा ठिकाणी त्याने खरंच थांबून बघायला हवं होतं, तीही त्या ढिगात जातात. म्हणून यांत्रिक बदल ट्रॅक न करता करायचे, पण त्यांची यादी स्टाइलशीटच्या पहिल्या पानावर लिहायची आणि मूळ फाइल हात न लावता वेगळी ठेवायची. कुणाला शंका आली तर दोन्ही फाइली `Compare` मध्ये टाकल्या की काय बदललं ते दिसतं.

स्टाइलशीट हा शब्द ऐकून काहींना वाटतं, प्रकाशनाची शंभर पानी नियमावली असेल. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तसलं काही नसतं. असतो तो एवढाच करार, की शुद्धलेखन मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी: शासनाने १९६२मध्ये स्वीकारलेले चौदा आणि १९७२मध्ये भर पडून झालेले अठरा. शब्दाचं रूप अडलं तर अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’. पण नियम जिथे संपतात किंवा दोन वाटा देतात, तिथे या पुस्तकापुरतं आपण काय ठरवलं ते लिहून ठेवायचं. माझी स्टाइलशीट दोन पानांची होती. साठ-पासष्ट नोंदी, अकारविल्हे, प्रत्येक नोंदीपुढे ती पहिल्यांदा कुठल्या पानावर आली ते.

यातल्या बऱ्याच नोंदी चुटकीसरशी होतात. आकडे देवनागरी. ‘करुन’, ‘घरुन’ नाही, ‘करून’, ‘घरून’. ‘ॲ’ एकसंध अक्षराने लिहायचा, ‘अ’वर चंद्र ठेवून नाही, कारण डोळ्याला दोन्ही सारखे दिसले तरी शोधताना संगणकाला ते वेगळे. वेळ खाल्ला तो दोन नोंदींनी.

पहिली नोंद निवेदनाची. लेखक एका परिच्छेदात ‘मी अर्ज केला, पत्र लिहिले’ असं लिहीत होते आणि पुढच्याच परिच्छेदात ‘पत्र पाठवलं’. महामंडळाचा नियम पात्राच्या तोंडच्या भाषेला ‘केलं’ची मुभा देतो आणि इतर लेखनात एकारान्त रूप सांगतो. पण हे सगळं पुस्तकच एका माणसाने समोर बसून सांगितल्यासारखं होतं. ‘लिहिले’, ‘पाठविले’ घातलं की त्याचा सरकारी अहवाल होत होता. संपादक आणि लेखक दोघांशी बोलून ठरवलं: निवेदनही ‘केलं’च्या वळणाचं. पण एवढ्याने भागत नाही, कारण मग लगेच विचारावं लागतं, ‘त्यामुळे’चं ‘त्यामुळं’ करायचं का? ‘पुढे’चं ‘पुढं’? ‘त्याने’चं ‘त्यानं’? आम्ही रेघ अशी ओढली: क्रियापदं आणि नपुंसकलिंगी नामं-विशेषणं अनुस्वाराची (‘केलं’, ‘झाडं’, ‘मोठं’), पण अव्ययं आणि ‘ने’ प्रत्यय एकारान्त (‘त्यामुळे’, ‘पुढे’, ‘त्याने’). दुसरी कुठली रेघ चुकीची ठरली असती असं नाही. पण ती एकदा ओढली नाही, तर मुद्रितशोधक प्रत्येक पानावर नव्याने विचार करतो आणि पान ४०वर एक निर्णय घेऊन पान ९०वर दुसरा घेतो.

दुसरी नोंद संवादांची. पुस्तकात एक म्हातारे शेतकरी आहेत, लेखक त्यांना अण्णा म्हणतात. अण्णा ‘पानी’, ‘म्हनलं’, ‘व्हतं’ असं बोलतात. पण मधेच ‘पाणी’ही म्हणतात. नवा शोधक इथे दोनपैकी एक चूक करतो: एक तर सगळं ‘शुद्ध’ करतो, नाही तर बोली आहे म्हणून काहीच बघत नाही. बोलीलाही तिचं शुद्धलेखन असतं, ते त्या माणसाच्या तोंडातलं. मी काहीच बदललं नाही. संवादातल्या सतरा जागांवर टिप्पणी टाकली: ‘अण्णा पान ३०वर पानी म्हणतात, इथे पाणी. मुद्दाम?’ लेखकाचा फोन आला. “ताई, माझंच चुकलं. अण्णा ‘न’च म्हणायचे. ‘ण’ म्हणायचे ते त्यांचे धाकटे भाऊ, ते मास्तर होते.” या एका फोनने स्टाइलशीटवर माणसागणिक नोंद झाली: अण्णा न, मास्तर ण.

आता प्रत्यक्ष ट्रॅक चेंजेसचं. देवनागरीत त्याची एक खोड आहे, ती रोमन लिपीच्या मार्गदर्शकात सापडणार नाही. समजा, ‘करुन’मधला फक्त उकार खोडून ऊकार टाइप केला. वर्ड खोडलेला उकार आणि घातलेला ऊकार वेगवेगळ्या रंगांत दाखवायला जातो. काना-मात्रा-उकार अक्षरापासून तुटले की ते स्वतंत्र उभे राहू शकत नाहीत, मग तिथे तुटक रेषेचं वर्तुळ येतं आणि त्याला टांगलेली मात्रा: `◌ू`. लेखकाला वाटतं फाइल बिघडली. पहिल्या दहा पानांनंतर आमच्या लेखकांचाही असाच मेसेज आला होता, स्क्रीनच्या फोटोसकट. उपाय साधा आहे. मात्रा बदलायची नाही, सगळा शब्द निवडून नव्याने टाइप करायचा. लाल रेषेखाली ‘करुन’ जातं, शेजारी ‘करून’ येतं, वाचणाऱ्याला कळतं. बोटांना सवय लागेपर्यंत जरा वेळ जातो. पण शोधकाची खूण वाचताच येत नसेल तर ती खूण कशाला केली?

पहिलं वाचन तासाला साधारण आठ पानं या वेगाने झालं. साडेसोळा तास. त्याआधी शोध-बदल आणि स्टाइलशीट यांना चार तास गेले होते. मी फाइल पाठवली आणि लेखकाने पंधरा दिवसांनी परत दिली. सगळ्या खुणा मान्य केलेल्या, टिप्पण्यांना उत्तरं दिलेली. “छोटे दोन-तीन बदल केलेत,” एवढं सोबत लिहिलेलं.

परत आलेल्या फाइलवर मी नेहमी एक चाचणी करते. स्टाइलशीटमधली अशी रूपं शोधते जी आता फाइलमध्ये शून्य असायला हवीत. ‘करुन’ शोधलं. चौदा वेळा सापडलं. मी ठेवलेल्या प्रतीत ते एकदाही नव्हतं, म्हणजे हा मजकूर माझ्या हाताखालून गेलेलाच नव्हता. `Review` मधून `Compare` चालवलं, माझी पाठवलेली फाइल विरुद्ध परत आलेली. लेखकाने सगळं मान्य केल्यावर ट्रॅक चेंजेस बंद करून २,३०० शब्द नवे लिहिले होते. एक अख्खा प्रसंग, दोन ठिकाणी वाढवलेले परिच्छेद. त्यांचा काही डाव नव्हता. त्यांना ते ‘छोटे बदल’च वाटत होते, आणि लिहिलं होतं सुरेख. पण तसंच मांडणीला गेलं असतं तर पुस्तकात नऊ-दहा पानं न तपासलेली राहिली असती आणि चुका माझ्या नावावर गेल्या असत्या. तेव्हापासून मी लेखकाला फाइल देताना ट्रॅकिंगला पासवर्ड लावते, म्हणजे ते बंदच करता येत नाही. काही संपादकांना हे उद्धट वाटतं. मला नाही वाटत.

मग पुस्तक मांडणीला गेलं. इथे ट्रॅक चेंजेसची सद्दी संपते. डीटीपी करणारा मजकूर इनडिझाइनमध्ये ओततो, त्याची पीडीएफ येते, आणि शोधक पीडीएफवर टिप्पण्या टाकतो. त्या टिप्पण्या वाचून ऑपरेटर हाताने दुरुस्त्या करतो. म्हणजे आपण कागदी प्रूफच्या काळात परत जातो, फक्त शाई नाही. डेमी आकाराची २३२ पानं झाली होती. सातव्या प्रकरणापासून ‘ल’ आणि ‘श’ अचानक हिंदी वळणाचे दिसू लागले. नवखा शोधक इथे प्रत्येक ‘ल’वर खूण करत बसेल. कारण एकच असतं: त्या प्रकरणांच्या परिच्छेद-शैलीत भाषा हिंदी लागलेली असते. ती मराठी केली, आणि फॉन्टमध्ये मराठी रूपं असली, की सगळे ‘ल’ आणि ‘श’ आपोआप सरळ होतात. एक टिप्पणी पुरली.

याच पीडीएफमध्ये पान १६४वर मला ‘आचाऱ्य विनोबा भावे’ भेटले. भूदानाच्या आठवणीत. भूदानाचे प्रणेते स्वयंपाकघरात जाऊन बसले होते! ही माझीच करणी. ‘कर्मचार्यांना’ दुरुस्त करायला मी ‘चार्य’ → ‘चाऱ्य’ असा तोकडा तुकडा घेतला होता आणि तो ‘आचार्य’ला जाऊन लागला. आचार्यांना म्हणजे गुरूंना आणि आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक्यांना, हे उदाहरण मी स्वतः नव्या मुलांना शिकवते. पहिल्या वाचनात ते निसटलं, कारण आपणच केलेला बदल आपल्याला बरोबरच दिसतो, आणि ट्रॅकिंग बंद असल्याने लाल खूणही नव्हती. मी संपादकांना कळवलं. मग एकोणीसही तुकडे परत शोधले. आणखी दोन ठिकाणी ‘प्राचाऱ्य’ निघाले. ‘शोधायचा तुकडा किमान अख्ख्या मूळ शब्दाचा असावा’ हे वाक्य माझ्या स्टाइलशीटच्या साच्यात तेव्हा आलं.

दुसऱ्या वाचनाला बारा तास लागले. दुरुस्त्या झाल्यावर ताळा पाहायला साडेतीन. ताळा म्हणजे फक्त माझ्या टिप्पणीप्रमाणे दुरुस्ती झाली का, एवढंच बघणं नाही. दुरुस्ती झालेली ओळ, तिच्या वरची आणि खालची, आणि ओळ वाढली असेल तर परिच्छेदाचा शेवट, कारण ऑपरेटरचा हात लागतो तिथे शेजारचं अक्षर पडतं.

सगळे मिळून छत्तीस तास. मी छापील २३२ पानांचं ५,८०० रुपयांचं बिल पाठवलं. हिशेब खात्याकडून उत्तर आलं: मंजूर रक्कम ३,३०० रुपये, १३२ पानांची.

दोघंही ‘पान’च म्हणत होतो. त्यांच्या मते काम वर्ड फाइलवर दिलं, तेव्हा पान वर्डचं. माझ्या मते अंतिम तपासणी छापील पानांची, तेव्हा पान पुस्तकाचं. माझ्या हिशेबाने तासाला १६१ रुपये पडत होते, त्यांच्या हिशेबाने ९२. दरावर आमचा वाद नव्हताच. पण दोन्ही पानं हलती असतात हे कुणी बोलत नाही. वर्डचं पान फॉन्टचा आकार एका पॉइंटने बदलला की कमी-जास्त होतं. छापील पान समास आणि ओळींमधलं अंतर बदललं की. शिवाय छापील पानांत कोरी पानं, प्रकरणांची अर्धी रिकामी पानं, सोळा पानं फोटोंची. ती मोजून पैसे मागणं मलाही पुरतं न्याय्य वाटत नव्हतं.

मी संपादकांना फोन केला. भांडायला नाही, एक प्रस्ताव द्यायला: पान म्हणजे २५० शब्द. ५७,४०० शब्दांची २३० पानं, ५,७५० रुपये. ते थोडे थांबले आणि म्हणाले, “शब्द मोजून? वर्डचा आकडा चालेल?” चालेल, पण एक अट होती: आकडा माझ्याकडे आलेल्या मूळ फाइलचा. कारण या धंद्यात एक गंमत आहे. लेखक ‘घरा समोर’, ‘त्याच्या साठी’, ‘गावा कडे’ असं तोडून लिहितात. शब्दयोगी अव्यय जोडून लिहायचं असतं, म्हणून मी ते जोडते, आणि प्रत्येक जोडणीने एक शब्द कमी होतो. या पुस्तकात माझ्या दुरुस्त्यांनी पाचशेच्या आसपास शब्द कमी झाले. काम केलं म्हणून दोन पानांचे पैसे जावेत, हे काही बरं नाही.

शब्दमोजणीलाही तिच्या मर्यादा आहेत. पुस्तकाच्या शेवटी पावसाचे आणि पेरणीच्या क्षेत्राचे सहा तक्ते होते. त्यांत शब्द नाममात्र, पण प्रत्येक आकडा मूळ हस्तलिखिताशी ताडायचा आणि बेरजा जुळवायच्या. असा एक तक्ता अर्धा तास खातो. तिथे ठरलं, तक्ता म्हणजे एक पान, कितीही लहान असो. हे मला तोट्याचंच होतं, पण काही नसण्यापेक्षा बरं. सहा तक्त्यांचे १५० रुपये. मागून आलेल्या २,३०० शब्दांची नऊ पानं, त्यांचे २२५. त्यासाठी मी `Compare` ची फाइलच जोडली. नवा मजकूर किती आणि कुठे, हे त्यात रंगवलेलं होतं, त्यामुळे ‘एवढं कसं वाढलं’ हा प्रश्न कुणी विचारला नाही. एकूण ६,१२५ रुपये. ते दीड महिन्याने आले.

काम स्वीकारताना मी आता जो ईमेल पाठवते त्यात चार ओळी असतात. पान म्हणजे २५० शब्द, आलेल्या फाइलचे. दरात एक वाचन वर्डमध्ये, एक पीडीएफवर, आणि ताळा. तक्ता म्हणजे एक पान. पहिल्या वाचनानंतर वाढलेला मजकूर त्याच दराने वेगळा. दोन प्रकाशकांनी यावर काही न बोलता ‘ओके’ लिहिलं, एका मासिकाने मात्र कळवलं की आमच्याकडे अंकाला ठोक रक्कम असते, पानाचा हिशेब नाही. दिवाळी अंकाच्या वेळी अंक किती फुगतो ते माहीत असल्याने त्यांना मी नाही म्हटलं.

पुस्तक आलं, तेव्हा लेखकाने सही करून एक प्रत पाठवली. आतला मजकूर चाळला, अण्णा न म्हणत होते, मास्तर ण. समाधान वाटलं. मग पुस्तक उलटं केलं. मलपृष्ठावरचा मजकूर मुखपृष्ठ करणाऱ्याने सुरुवातीच्या कच्च्या फाइलमधून उचलला होता, तो माझ्याकडे कधी आलाच नव्हता. दुसऱ्या ओळीत, पांढऱ्यावर हिरव्या ठळक अक्षरांत: ‘शेतकर्यांच्या सोबतीची तीस वर्षं’.

ईमेलमध्ये आता पाचवी ओळ आहे: मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि कणा मिळून एक पान.